भांडवलाविना सौरऊर्जा : प्रति युनिट आणि भाडे पद्धतीच्या करारांची चिकित्सा

हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकापुढे छतावरील सौर प्रकल्पाचा जो प्रस्ताव आज प्रामुख्याने ठेवला जातो, त्यात प्रकल्पाची किंमत नसते, तर एका युनिटचा दर असतो. प्रकल्प उभारणारी कंपनी, जिला या व्यवसायात विकासक म्हणतात, स्वतःच्या पैशाने पॅनेल, इन्व्हर्टर आणि त्यांचा सांगाडा बसवते, पंधरा ते पंचवीस वर्षे त्याची देखभाल करते आणि तयार होणारी वीज त्याच कारखान्याला ठरलेल्या दराने विकते. या रचनेला रेस्को किंवा ओपेक्स पद्धत म्हटले जाते आणि तिचा आधार असलेल्या दस्तऐवजाला वीजखरेदी करार, म्हणजे पीपीए, असे नाव आहे. नागपूर मेट्रोने आपल्या स्थानकांच्या छतांवर सौर प्रकल्प उभारताना हीच पद्धत स्वीकारली. तथापि मेट्रोसारखी संस्था निविदा काढते, कराराचा मसुदा स्वतः तयार करते आणि तो विकासकांपुढे ठेवते; लघुउद्योजकापुढे मात्र विकासकाने तयार केलेला छापील मसुदा येतो. करारातील धोके समजून घेण्याची सुरुवात या फरकापासून करावी लागते.

याच पद्धतीचे दुसरे रूप भाड्याचे आहे. त्यात प्रकल्प विकासकाच्याच मालकीचा राहतो, पण देयक युनिटवर न काढता दरमहा ठरावीक भाडे म्हणून घेतले जाते. दोन्ही पद्धतींत सुरुवातीला पैसे लागत नाहीत म्हणून त्या सारख्याच वाटतात, परंतु उत्पादन घटण्याचा धोका कोणाच्या माथी येतो याबाबतीत त्या परस्परविरुद्ध आहेत. प्रति युनिट पद्धतीत पॅनेलवर धूळ साचली किंवा इन्व्हर्टर बंद पडला तर विकासकाचे उत्पन्न बुडते, त्यामुळे दुरुस्तीची घाई त्यालाच असते. भाडेपद्धतीत तोच इन्व्हर्टर आठवडाभर बंद राहिला तरी भाडे चालूच राहते आणि नुकसान कारखानदाराचे होते. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवेमुळे उत्पादन उन्हाळ्यापूर्वीच्या महिन्यांच्या तुलनेत बरेच खाली येते, भाडे मात्र त्या महिन्यांतही पूर्ण द्यावे लागते. शिवाय विजेच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, तर यंत्रसामग्री भाड्याने देण्यावर तो लागतो, आणि त्याचे क्रेडिट मिळणे कारखाना स्वतः करपात्र माल विकतो की नाही यावर अवलंबून असते. या कारणांमुळे, किमान वार्षिक उत्पादनाची लेखी हमी आणि तूट आल्यास भाड्यातून वजावट ही दोन्ही कलमे असल्याखेरीज भाडेपद्धत स्वीकारणे हे बहुतेक लघुउद्योगांच्या हिताचे नाही. पुढील विवेचन म्हणून मुख्यतः प्रति युनिट पद्धतीविषयी आहे.

प्रस्ताव हाती आल्यावर पहिला प्रश्न बचतीचा असतो आणि पहिली चूकही तेथेच होते. विक्री प्रतिनिधी महावितरणच्या देयकाची एकूण रक्कम वापरलेल्या युनिटनी भागतो, समजा 11 रुपये असा सरासरी दर काढतो आणि सौर विजेचा दर 4.75 रुपये असल्याने प्रत्येक युनिटमागे सव्वासहा रुपये वाचतील असे सांगतो. हा हिशेब चुकीचा आहे, कारण देयकातील सर्वच रकमा युनिटवर अवलंबून नसतात. मागणी आकार हा कारखान्याने महावितरणशी ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष नोंदवलेल्या कमाल मागणीवर आकारला जातो. संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी यंत्रे तेवढ्याच जोराने चालत असतील तर सौर प्रकल्पामुळे तो कमी होत नाही. वाचतो तो वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवरील वीज शुल्क, आणि तोही केवळ ज्या तासांत सूर्यप्रकाश असतो त्या तासांतला.

ही शेवटची अट पूर्वी फारशी महत्त्वाची नव्हती, आता ती सर्वांत महत्त्वाची झाली आहे. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून, सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असावा आणि 10 किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून वेळेनुसार दर लागू करावेत, असे धोरण घालून दिले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2025 मधील दर आदेशांत सकाळी 9 ते सायंकाळी 5 हा सवलतीचा काळ ठरला आणि अधिक दराचा काळ संध्याकाळ व रात्रीच्या पूर्वार्धाकडे गेला. याचा अर्थ असा की छतावरील पॅनेल ज्या वेळी वीज तयार करतात, नेमक्या त्याच वेळी महावितरणची वीज स्वस्त झाली आहे. पूर्वी नेट मीटरिंगखाली, म्हणजे जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात सोडून नंतर तेवढीच युनिट वजा करून घेण्याच्या व्यवस्थेत, दुपारची वीज इतर वेळच्या वापरातूनही वळती होऊ शकत असे. वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकाला मात्र कोणत्या काळातील वीज कोणत्या काळात वळती होईल हे चालू आदेशानुसार तपासावेच लागते, आणि ती केवळ सौर तासांतील वापरातूनच वळती होईल असे गृहीत धरून हिशेब करणे सुरक्षित ठरते. हे आदेश अपील आणि फेरविचाराच्या फेऱ्यांत सापडलेले असल्याने आजचा दर वीस वर्षांसाठी पक्का समजता येत नाही. प्रकल्पाच्या आकर्षक तक्त्यात महावितरणचा दर दरवर्षी चार-पाच टक्क्यांनी वाढत गेलेला दाखवलेला असतो, पण दिवसाच्या दराबाबत ती वाढ गृहीत धरण्यास आता आधार उरलेला नाही.

उच्चदाब ग्राहकांसाठी आणखी एक बारकावा आहे आणि तो विक्रीच्या चर्चेत क्वचितच निघतो. 1 एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे वीज आकार किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर मोजले जातात. कारखान्यातील मोटारींना प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेखेरीज चुंबकीय क्षेत्र तयार करण्यासाठीही वीज ओढावी लागते, तिला रिॲक्टिव्ह वीज म्हणतात, आणि केव्हीए या एककात दोहोंचा मिळून हिशेब होतो. सौर इन्व्हर्टर सामान्यतः फक्त काम करणारी वीज देतो, रिॲक्टिव्ह वीज पूर्वीइतकीच जाळ्यातून येत राहते. समजा कारखान्याचा भार 100 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर 0.90 आहे, तर जाळ्यातून 111 केव्हीए ओढले जातात. सौर प्रकल्पाने त्यांपैकी 60 किलोवॅट पुरवले तर जाळ्यातून काम करणारी वीज 40 किलोवॅट उरते, पण रिॲक्टिव्ह भाग तसाच असल्याने मीटरवर सुमारे 63 केव्हीए नोंदले जातात. म्हणजे विकासकाला 60 युनिटचे पैसे दिले आणि महावितरणच्या देयकातून 48 युनिट कमी झाली. कॅपॅसिटर बसवून कारखान्याचा मूळ पॉवर फॅक्टर 0.99 पर्यंत नेला तर हीच बचत 58 युनिटच्या वर जाते. म्हणून स्वयंचलित कॅपॅसिटर पॅनेलची क्षमता वाढवण्याचा खर्च कोण करणार आणि इन्व्हर्टरकडून रिॲक्टिव्ह वीज घेण्याची सोय ठेवली जाईल का, हे करारापूर्वीच ठरवून घेतले पाहिजे. सौर प्रकल्प सुरू झाल्यावर देयकातील पॉवर फॅक्टरचा आकडा एकाएकी घसरला, तर हाच दोष घडत असल्याचे ओळखावे.

हे सर्व एकत्र आणल्यास काय होते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. त्यातील दर समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्येक कारखान्याने तेथे आपल्या देयकातील आकडे घालावेत. हिंगणा येथील एका उच्चदाब कारखान्याच्या शेडवर 150 किलोवॅटचा प्रकल्प बसतो. नागपूरच्या उन्हात एका किलोवॅटमागे वर्षाला सुमारे 1,400 युनिट धरणे वाजवी आहे, म्हणजे उत्पादन 2,10,000 युनिट. विक्री प्रतिनिधीच्या हिशेबाने सव्वासहा रुपयांप्रमाणे वार्षिक बचत 13 लाख रुपयांहून अधिक होते. आता 11 रुपयांतून मागणी आकार वगळला आणि दिवसाची सवलत विचारात घेतली तर वाचणारा दर, समजा, 7.20 रुपये उरतो; पॉवर फॅक्टर सुधारूनही तीन टक्के गळती राहिली तर तो 6.98 रुपये होतो. त्यातून 4.75 रुपये विकासकाला गेल्यावर युनिटमागे 2.23 रुपये शिल्लक राहतात आणि वार्षिक बचत सुमारे 4.7 लाखांवर येते. हा कारखाना रविवारी आणि मोठ्या सणांना, असे वर्षातून 64 दिवस, बंद असतो. नेट मीटरिंगची परवानगी न मिळाल्यामुळे किंवा वळते करण्याच्या नियमांमुळे त्या दिवसांतील सुमारे 36,800 युनिट कामी आली नाहीत, पण करारानुसार त्यांचे पैसे मात्र द्यावे लागले, तर बचत 2.1 लाखांपर्यंत खाली येते. त्यातच करारात सौर दर दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढण्याचे कलम असेल आणि महावितरणचा दिवसाचा दर जागच्या जागी राहिला, तर आठव्या वर्षी कारखाना सौर विजेसाठी वाचणाऱ्या रकमेपेक्षा जास्त पैसे देऊ लागतो, आणि पंचवीस वर्षांच्या कराराची सतरा वर्षे अजून शिल्लक असतात.

प्रकल्प वाईट आहे असा निष्कर्ष या उदाहरणातून निघत नाही. 4.7 लाख आणि 2.1 लाख यांच्यातला फरक पूर्णपणे एका कलमाचा आहे, आणि आठव्या वर्षाचा तोटा दुसऱ्या कलमाचा. ही कलमे वाटाघाटीने बदलता येतात, पण फक्त सहीच्या आधी.

यांपैकी पहिले कलम गृहीत उत्पादनाचे आहे. विकासकाने कर्ज काढून प्रकल्प उभारलेला असतो, त्यामुळे कारखान्याने वीज न उचलल्यास, तयार होऊ शकली असती तेवढी वीज तयार झाली असे मानून तिचे पैसे मागण्याची तरतूद तो करारात ठेवतो. तत्त्वतः ही मागणी अन्याय्य नाही. दोष असतो तो कलमाच्या व्याप्तीत. छतावरील प्रकल्प जाळ्याला जोडलेला असल्यामुळे महावितरणचा पुरवठा खंडित होताच तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. मे-जूनमधील वादळांत असा खंड पडतो तेव्हा बंद राहण्याचे कारण कारखानदाराच्या हातात नसते, म्हणून जाळ्यातील खंड गृहीत उत्पादनातून स्पष्ट शब्दांत वगळला पाहिजे. साप्ताहिक सुट्टी, सण आणि यंत्रांच्या वार्षिक दुरुस्तीसाठी ठरावीक दिवसांची मोकळीक मागितली पाहिजे. पूर, आग, टाळेबंदी आणि शासकीय आदेश यांचा समावेश अपरिहार्य घटनांत असावा. हंगामी व्यवसायांसाठी तर हे कलम निर्णायक आहे. विदर्भातील जिनिंग कारखाने कापसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, भरात असतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा सूर्य सर्वांत उदार असतो, तेव्हा बंद असतात. अशा कारखान्याने पूर्ण वर्षाच्या किमान उचलीचा करार करणे म्हणजे न वापरलेल्या विजेचे देयक स्वतःहून ओढवून घेणे होय. याउलट कळमना परिसरातील मिरचीच्या शीतगृहांसारख्या उद्योगांत मालसाठ्याचे थंडीकरण उन्हाळ्याच्या दुपारीच सर्वाधिक वीज खाते आणि रविवारीही थांबत नाही, त्यामुळे त्यांना हीच पद्धत उत्तम जुळते. प्रकल्पाचा आकार ठरवताना छत किती मोठे आहे हे न पाहता बंद दिवशीही चालू राहणारा दिवसाचा भार किती आहे हे पाहिले, तर या कलमाची धार बरीचशी बोथट होते. त्यासाठी महावितरणच्या मीटरमधील दर 15 मिनिटांच्या नोंदी मागवता येतात आणि त्या किमान बारा महिन्यांच्या असाव्यात.

दुसरे कलम दराचे. दर पूर्ण मुदतीसाठी स्थिर असू शकतो, दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढणारा असू शकतो किंवा महावितरणच्या दराला जोडून त्यापेक्षा अमुक टक्के कमी असू शकतो. वार्षिक वाढीचा आकडा कागदावर लहान दिसतो. साडेचार रुपयांचा दर 3 टक्क्यांच्या वाढीने पंधराव्या वर्षी 6.81 रुपये आणि पंचविसाव्या वर्षी 9.15 रुपये होतो. पॅनेलना इंधन लागत नाही आणि विकासकाचा बहुतांश खर्च पहिल्याच वर्षी झालेला असतो, त्यामुळे एवढ्या वाढीचे समर्थन खर्चाच्या आधारावर करता येत नाही. तिचा खरा उपयोग पहिल्या वर्षाचा दर कमी दाखवण्यासाठी होतो. लघुउद्योजकाने किंचित जास्त पण स्थिर दर पत्करावा, आणि शक्य असल्यास त्यासोबत असे संरक्षक कलम घालावे की कोणत्याही वर्षी सौर दर महावितरणच्या सौर तासांतील परिवर्तनशील आकारापेक्षा ठरावीक टक्क्यांनी कमी राहील. येथे ‘महावितरणचा दर’ एवढेच शब्द पुरेसे नाहीत. कोणता आकार, कोणत्या तासांतला आणि सवलतीनंतरचा की आधीचा, हे न लिहिल्यास वाद अटळ असतो.

कायद्यातील बदलाचा भारही याच कलमाचा भाग आहे. आयोगाच्या 2019 च्या छतावरील नवीकरणीय प्रकल्पांविषयीच्या विनियमांत जाळे आधार आकाराची तरतूद आहे, आणि राज्यातील छतावरील प्रकल्पांची एकूण क्षमता 5,000 मेगावॅटपर्यंत जाईपर्यंत तो आकारू नये असे त्यात ठरवलेले आहे. ही मर्यादा ओलांडल्यानंतर असा आकार लागू झाला, किंवा स्वतः निर्माण केलेल्या विजेवरील शुल्क बदलले, तर तो खर्च कोणी सोसायचा? छापील मसुद्यांत बहुधा ‘असे सर्व कर व आकार ग्राहकाकडे’ असे एक वाक्य असते आणि ते वाचून पुढे सरकले जाते. वाजवी रचना अशी की ठरावीक मर्यादेपर्यंतचा भार दोघांनी वाटून घ्यावा आणि त्यापलीकडे, प्रकल्प फायद्याचा न राहिल्यास, कारखानदाराला दंडाविना बाहेर पडण्याचा किंवा दर फेरवाटाघाटीला नेण्याचा अधिकार असावा.

तिसरा विषय छताचा आहे. ‘शून्य गुंतवणूक’ या शब्दांमागे जो खर्च लपतो तो बहुधा येथेच आढळतो. हिंगण्यातील अनेक जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत, ज्यांवर माणसाला सुरक्षितपणे चालता येत नाही. विकासक प्रकल्पापूर्वी ते बदलून लोखंडी पत्रे घालण्यास सांगतो आणि हा खर्च कारखानदाराचा असतो. कैच्यांची ताकद पॅनेल आणि सांगाड्याचे वजन व वादळी वारा सहन करण्याइतकी आहे याचे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. पत्र्यांचे उरलेले आयुष्य दहा-बारा वर्षे असताना पंचवीस वर्षांचा करार केल्यास मध्येच संपूर्ण प्रकल्प उतरवून पुन्हा चढवावा लागेल. तो खर्च आणि त्या काळातील गृहीत उत्पादन कोणाच्या खात्यात जाईल हे आधी लिहून ठेवावे. पत्र्याला पाडलेल्या छिद्रांतून गळती झाल्यास दुरुस्तीची आणि भिजलेल्या मालाच्या भरपाईची जबाबदारी पूर्ण मुदतभर विकासकाची असावी, पहिल्या एका वर्षापुरती नव्हे. विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गारपीट होते, त्यामुळे गारपीट आणि वादळाचे नाव विमापत्रात स्पष्ट असावे व त्याची प्रत दरवर्षी मिळावी. धुण्यासाठी लागणारे पाणी बहुतेक मसुद्यांत कारखानदाराने फुकट द्यायचे असते. बोअरवेलचे पाणी जड असल्यास काचेवर पांढरे थर बसतात, तेव्हा पाण्याची प्रत सुधारण्याचे काम कोणाचे हेही ठरवावे.

छताशी जोडलेली कायदेशीर बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते. औद्योगिक वसाहतीतील भूखंड औद्योगिक विकास महामंडळाकडून भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो आणि शेड बहुधा बँकेकडे तारण असते, तर विकासकाच्या बँकेला पॅनेल स्वतःकडे तारण हवे असतात. म्हणून प्रकल्प ही विकासकाची जंगम मालमत्ता राहील, इमारतीचा भाग मानली जाणार नाही, हे करारात नमूद करून दोन्ही बँकांची आणि आवश्यक तेथे महामंडळाची लेखी संमती घ्यावी लागते. छताच्या वापराचा हक्क भाडेपट्टा म्हणून दिला जातो की केवळ परवाना म्हणून, यावर नोंदणी आणि मुद्रांक शुल्क अवलंबून असते. भाडेपट्ट्यामुळे शेड विकताना खरेदीदाराला अडचण येऊ शकते, त्यामुळे मर्यादित परवान्याची भाषा कारखानदाराला अधिक सोयीची ठरते. हा मुद्दा वकिलाकडून तपासून घेण्यासाठी लागणारी रक्कम एखाद्या महिन्याच्या बचतीएवढीही नसते.

चौथा विषय करारातून बाहेर पडण्याचा आणि विकासकच कोलमडण्याचा आहे. वीस-पंचवीस वर्षांत व्यवसाय दुसरीकडे जाऊ शकतो, कुटुंबात वाटणी होऊ शकते, शेड विकली जाऊ शकते. अशा वेळी करार प्रकल्प विकत घेण्यास सांगतो आणि त्याची किंमत ‘उरलेल्या मुदतीच्या अपेक्षित उत्पन्नाएवढी’ असे लिहिलेले असल्यास ती प्रकल्पाच्या मूळ किमतीपेक्षाही अधिक निघू शकते. म्हणून प्रत्येक वर्षाच्या अखेरीची खरेदी किंमत रुपयांत लिहिलेला तक्ता कराराला जोडलेला असावा आणि ती दरवर्षी उतरती असावी. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर प्रकल्प स्वेच्छेने विकत घेण्याचा पर्यायही त्याच तक्त्याने खुला ठेवावा. अनेक उद्योजक तोपर्यंत भांडवल उभे करू शकतात, आणि त्यानंतरची बचत पूर्णपणे त्यांची होते. सौर यंत्रसामग्रीवर आयकरात मिळणारा 40 टक्के घसारा या पद्धतीत मालक असलेल्या विकासकाला मिळतो, हेही दराची घासाघीस करताना लक्षात ठेवावे, कारण तो लाभ दरात काही प्रमाणात उतरला पाहिजे. घरगुती ग्राहकांसाठीची पीएम सूर्यघर योजनेची अनुदाने व्यावसायिक जोडण्यांना लागू नाहीत. तसे आमिष दाखवणाऱ्या प्रस्तावाकडे सावधपणे पाहावे.

विकासक कोलमडण्याचा धोका काल्पनिक नाही. ग्राहकाने गुंतवणूक न करता युनिटचे पैसे द्यावेत ही पद्धत अमेरिकेत रूढ करणाऱ्या सनएडिसन या कंपनीनेच एप्रिल 2016 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तिचे भारतातील प्रकल्प पुढे दुसऱ्या मालकाकडे गेले. प्रकल्पाची मालकी बदलली तरी पॅनेल वीज देत राहतात, पण नवा मालक जुन्या हमी पाळण्यास बांधील आहे का, हे करारातील हस्तांतराच्या कलमावर ठरते. कारखानदाराच्या लेखी संमतीखेरीज हस्तांतर होऊ नये, आणि झाल्यास ते सर्व दायित्वांसह होईल, एवढे तरी त्यात हवे. याहून अधिक घडणारी गोष्ट अशी की विकासक बुडत नाही, पण पैशाअभावी देखभाल सोडून देतो. छत अडकलेले राहते आणि उत्पादन हळूहळू घसरते. त्यासाठी किमान उत्पादनाची हमी लागते. ती वार्षिक युनिटांत असावी आणि ज्या किलोवॅटवर ती काढली ते पॅनेलचे आहेत की इन्व्हर्टरचे, हे स्पष्ट असावे, कारण पॅनेल 180 किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर 150 चे असणे सामान्य आहे व 1,400 युनिटांची हमी कोणत्या आकड्याला गुणायची यावर मोठा फरक पडतो. हमीपेक्षा कमी पडलेल्या प्रत्येक युनिटसाठी महावितरणचा दिवसाचा दर आणि सौर दर यांतील फरक भरपाई म्हणून मिळावा. सलग ठरावीक महिने उत्पादन हमीच्या, समजा, 70 टक्क्यांखाली राहिल्यास कारखानदाराला स्वतः दुरुस्ती करून खर्च देयकातून वळता करण्याचा किंवा प्रकल्प काढून नेण्यास सांगण्याचा अधिकार असावा. घसरण वेळीच ओळखण्यासाठी उत्पादन मीटरचे वाचन दोन्ही बाजूंनी संयुक्तपणे व्हावे, इन्व्हर्टरच्या नोंदींचा प्रवेश कारखान्याकडेही असावा आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक महिन्याचा आकडा जपून ठेवावा. पुढील वर्षीच्या एप्रिलची तुलना मागील एप्रिलशीच करायची असते, जुलैशी नव्हे.

वादाचे निवारण लवादाने होईल असे जवळजवळ प्रत्येक करारात असते, पण लवादाचे स्थान दिल्ली, गुरुग्राम किंवा विकासकाचे मुख्यालय असलेले शहर असते. दोन लाखांच्या वादासाठी कोणताही लघुउद्योजक तेथे वारंवार जाणार नाही, म्हणजे ते कलम प्रत्यक्षात त्याचा हक्कच काढून घेते. लवादाचे स्थान नागपूर ठेवण्याची मागणी विकासक सहसा मान्य करतात. ती फक्त करावी लागते. सुरक्षा ठेव किंवा बँक हमी म्हणून दोन ते सहा महिन्यांच्या देयकाएवढी रक्कम मागितली जाते, तीही भांडवलच आहे आणि तिच्यावर व्याज मिळावे.

विकासकही ग्राहकाची पत तपासतो, हे येथे सांगितले पाहिजे. शंभर किलोवॅटपेक्षा लहान प्रकल्पासाठी किंवा ताळेबंद कमजोर असलेल्या कारखान्यासाठी या पद्धतीत चांगला दर मिळणे अवघड असते, आणि दर साडेपाच-सहा रुपयांवर गेला तर वरील उदाहरणातील बंद दिवस धरून उरणारी बचत जवळपास संपते. अशा वेळी बँकेचे मुदत कर्ज घेऊन लहान प्रकल्प स्वतःच्या मालकीने उभारणे हा पर्याय शेजारी ठेवून तुलना करावी: एका बाजूला कर्जाचा हप्ता, देखभाल व विमा, आणि दुसऱ्या बाजूला प्रति युनिट देयक, दोन्ही त्याच उत्पादनावर व त्याच दिवसाच्या दरावर मोजलेले. हप्ता सहसा पाच-सात वर्षांत संपतो, करार मात्र वीस वर्षे चालतो, आणि त्या उरलेल्या वर्षांची किंमत पहिल्या वर्षाच्या तुलनेत दिसत नाही.

मुदत संपल्यावर प्रकल्प एक रुपयात किंवा विनामूल्य ग्राहकाच्या नावे होईल, हे वाक्य प्रस्तावात ठळक अक्षरांत असते. त्या वेळी इन्व्हर्टर बहुधा बदलण्याच्या अवस्थेत असतात आणि पॅनेलचे उत्पादन बरेच उतरलेले असते. सौर पॅनेल आता 2022 च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत आहेत, त्यामुळे शेकडो जुने पॅनेल भंगारवाल्याला देऊन मोकळे होता येत नाही. मालकी विनामूल्य स्वीकारायची की विकासकाने स्वखर्चाने सर्व उतरवून, छिद्रे बुजवून, छत पूर्ववत करून द्यावे, ही निवड त्या वर्षी कारखानदाराने करायची असते. ती त्याच्याच हाती राहील अशी शब्दरचना करारात आजच करून घेता येते.